खेळणं फुटल्यावर त्यातून काय निघेल?

प्रश्न: माझी मुलगी पंधरा महिन्यांची आहे, हाताला लागेल ते तोंडात घालते. मेन रोडवर खेळणी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणतात, "ताई, सगळं चांगलंच आहे." बारीक भाग, रंग आणि प्लास्टिक कोणतं आहे हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? शिवाय माहेरून माझा लहानपणचा रंगवलेला पांगुळगाडा आलाय. तो तिला द्यावा का?

उत्तर:

मी अंबडच्या एका मोल्डिंग कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटीत होते. गेली आठ वर्षं इंदिरानगरला घरच्या घरी खेळण्यांचं वाचनालय चालवते. मुलं खेळणं घेऊन जातात आणि पंधरा दिवसांनी परत आणतात. त्यामुळे नवी कोरी खेळणी मी पाहतेच, पण त्यापेक्षा जास्त पाहते ती चावलेली, आपटलेली, आंघोळीच्या बादलीत बुडालेली खेळणी. माझं पुढचं सगळं सांगणं त्या परत आलेल्या खेळण्यांवरून आहे.

बारीक भाग, रंग, प्लास्टिक असे तीन वेगळे प्रश्न धरले की दुकानात गोंधळ उडतो. माझ्या दृष्टीने प्रश्न एकच आहे: हे खेळणं ओढलं, आपटलं, चावलं तर त्यातून काय सुटून मुलीच्या तोंडात जाईल? आज पक्कं बसलेलं चाक उद्या निघालं की तोच बारीक भाग. काठावर चावला की रंग कपच्या होऊन निघतो. आणि प्लास्टिकची जात कळली की ते वाकेल की काचेसारखं फुटेल हे कळतं. म्हणून दुकानात खेळणं हातात घेताना ते महिनाभर वापरून झाल्यावर कसं दिसेल, हे डोळ्यांसमोर आणायचं.

किती कडक व्हायचं हे थोडं मुलीवर आणि घरावर अवलंबून आहे. तीन वर्षांचं मूल खेळणं तोंडात घालायचं बरंचसं सोडतं. तुमची मुलगी आत्ता त्याच्या अगदी भरात आहे आणि पुढचे दात आलेले असणार. घरात पाच-सहा वर्षांचा दादा किंवा ताई असेल तर त्यांच्या खेळण्यांतले तुकडेही जमिनीवर असतात, तेव्हा फक्त हिची खेळणी तपासून भागत नाही. पण पंधरा महिन्यांच्या मुलीसाठी मी तरी कडक बाजूलाच राहीन.

आधी घरी एक नळी करा. जाडसर कागदाची ११ सेंटिमीटर लांब आणि ५.७ सेंटिमीटर उंच पट्टी कापा. १० सेंटिमीटरवर खूण करा, उरलेला एक सेंटिमीटर दुसऱ्या टोकावर चढवून चिकटवा. झाली नळी. आतला व्यास जवळपास ३१.८ मिलिमीटर येतो. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात काय अडकू शकतं, त्याचा अंदाज या मापावरून बांधलेला आहे. प्रयोगशाळेतल्या नळकांड्याचा तळ तिरका असतो, एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर खोल. आपली नळी सगळीकडून सारखीच खोल आहे, म्हणजे ती नियमापेक्षा थोडी जास्तच कडक झाली. ते चांगलंच आहे.

नळी टेबलावर उभी ठेवायची आणि वस्तू कशीही फिरवून, पण न दाबता आत सोडायची. पूर्ण आत गेली, वर काहीच डोकावत नसेल, तर ती पंधरा महिन्यांच्या बाळासाठी नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते नळीत टाकून बघा, सहज तळाला जातं. बहुतेक आयांना एवढी मोठी वस्तू धोक्याची वाटतच नाही. आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक पालकांना मी हे नाणं टाकून दाखवते.

चेंडूला ही नळी पुरत नाही. गोल, गुळगुळीत वस्तू घशात नीट बसते आणि हवेला बाजूने जायला जागाच उरत नाही, म्हणून गोल वस्तूंचं माप मोठं आहे, ४४.५ मिलिमीटर. त्यासाठी १५ सेंटिमीटरच्या पट्टीवर १४ ला खूण करून तशीच रिंग करा. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, तो या रिंगमधून आरपार जातो. तुमच्या मुलीला तोसुद्धा नको.

दोन्ही वस्तू घडी करून पर्समध्ये राहतात. दुकानात नळीत घालायला सुटा भाग मिळणार नाही, पण चाक, डोळा, बटण, शिंग, झाकण यांच्यावर ती धरून "हे निघालं तर आत जाईल का?" एवढं लगेच कळतं. जो भाग आत जाण्याजोगा आहे, तो किती घट्ट बसलाय हे मग हातानं बघायचं. अंगठा आणि तर्जनीत धरून आधी एका दिशेला पिळा, मग उलट, मग सरळ बाहेर ओढून दहा सेकंद ताण धरून ठेवा. प्रयोगशाळेत ही ओढ पाच ते सात किलोंच्या आसपास असते. पाच लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन दोन बोटांवर उचलला की जो ताण येतो, तेवढा जोर मनात धरा. दुकानदार कुरकुर करतील. "बाळ एवढंच ओढणार आहे, मोडलं तर पैसे देते," असं सांगायचं. मी हे खूपदा केलं आहे आणि पैसे द्यायची वेळ फारच थोड्या वेळा आली. ज्याला स्वतःच्या मालाचा भरवसा असतो तो ओढू देतो.

भाग जोडला कसा आहे तेही बघा. चाकाच्या मधोमध छोटी काळी किंवा चंदेरी टोपी दिसली तर आत लोखंडी सळई आहे आणि टोपी नुसती दाबून बसवलेली आहे. अशा टोप्या आमच्याकडे परत आलेल्या गाड्यांत सगळ्यांत जास्त हरवलेल्या असतात. डोळे चिकटवलेले असतील तर गोंदाची पांढरी कड दिसते, तिच्यात नख घालून बघा. दोन अर्धी कवचं जोडून केलेल्या खेळण्याची शिवण दोन्ही हातांनी दाबा. शिवण उघडझाप करत असेल आणि आत खुळखुळणारे दाणे असतील, तर ते खेळणं तिथेच ठेवून द्या.

एक उदाहरण सविस्तर सांगते. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात कालिकेच्या यात्रेतून आमच्या एका सभासद आईंनी मुलासाठी डंपर आणला. मुलगा सोळा महिन्यांचा. खोका नव्हता, छाप नव्हता, पिशवीत घालून दिलेला. द्यायच्या आधी त्या माझ्याकडे घेऊन आल्या. दिसायला छान, पिवळा हौदा, पारदर्शक काच, पुढे चकचकीत चंदेरी दिवे.

चाकं मोजली: व्यास २८ मिलिमीटर, रुंदी १२. म्हणजे टोपीच काय, अख्खं चाक नळीत जाणारं. पिळल्यावर टोपी हलली, ओढल्यावर सुटली, आणि मागोमाग चाक सळईवरून घसरून हातात आलं. चंदेरी दिव्यांवर सेलोटेप दाबून झटक्यात उपटली, तर टेपवर चंदेरी पापुद्रा आला. तो धातूचा पातळ मुलामा असतो, ओल्या बोटांनीही हळूहळू निघतो. केबिनच्या काचेवर अंगठा दाबला तर कट्ट असा कोरडा आवाज आला.

मग त्या आईंच्या परवानगीने पाडून बघितला. दीड वर्षाखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत १३८ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात, दीड वर्षानंतर ९३ सेंटिमीटरवरून चार वेळा. हा फरक मोठा वाटतो, पण कारण सरळ आहे: लहान बाळ कडेवर असतं आणि तिथून टाकतं. आमच्याकडे कोटा फरशी आहे. पहिल्या दोन वेळांना काही झालं नाही. तिसऱ्या वेळी पुढचा बंपर तुटला आणि २२ मिलिमीटरचा तुकडा टेबलाखाली गेला. तुकड्याची कड नखावर ओढली तर नखाचा पांढरा भुगा निघाला, इतकी ती धारदार होती. नळीत टाकला, तळाला गेला. म्हणजे एकाच तुकड्यात घशात अडकण्याचा आणि कापण्याचा असे दोन्ही धोके. डंपर त्यांनी घरी नेला नाही.

हा तुकडा असा फुटला त्याला कारण प्लास्टिकची जात. इथे थोडं थांबते, कारण दुकानात याबद्दल सगळ्यांत जास्त चुकीचं सांगितलं जातं. खेळण्याखाली बाणांच्या त्रिकोणात आकडा असेल तर काम सोपं आहे: २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ३ म्हणजे पीव्हीसी, आणि ७ म्हणजे यांपैकी कोणतंच नाही, त्यात एबीएसही येतं. पण खेळण्यांवर हा आकडा बहुतेक वेळा नसतोच. आणि तो फक्त जात सांगतो. प्लास्टिकच्या ज्या दाण्यापासून खेळणं ओतलं तो दाणा नवा होता की भंगारातून परत केलेला, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून हातानं ओळखायचं. एचडीपीई आणि पीपी किंचित मेणचट लागतात, नखानं टिचकी मारली तर दबका "टप" आवाज येतो, पातळ भाग दाबला तर वाकून परत येतो. बादल्या आणि डबे असतात तोच पोत. एबीएस टणक आणि चकचकीत असतं, पण खूप वाकवलं तर आधी पांढरट पडतं, मग तुटतं. चांगले जोडायचे ठोकळे बहुधा याचेच असतात. पॉलिस्टायरीन टिचकीला खणखणीत, जवळजवळ काचेसारखं वाजतं आणि वाकवलं तर काही न सांगता कट्ट करून तुटतं. स्वस्त गाड्या, पारदर्शक काचा, खुळखुळ्याची कवचं यांत हे पुष्कळ सापडतं. तुमच्या मुलीच्या वयाला पॉलिस्टायरीनचं पातळ खेळणं मी कधीच देणार नाही, त्यात विषारी काही नसलं तरीही. ते ज्या प्रकारे फुटतं, तेवढं कारण पुरेसं आहे.

घरी एखादा तुकडा तुटलेला असेल तर पाण्याची चाचणी करा. तुकडा भरीव हवा, आत हवा अडकलेली नको, आणि पाण्यात एक थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. पीपी आणि एचडीपीई साध्या पाण्यावर तरंगतात. एबीएस आणि पॉलिस्टायरीन बुडतात, पण त्या पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं (एका ग्लासाला चार-पाच मोठे चमचे लागतात) की वर येतात. कडक पीव्हीसी त्या खाऱ्या पाण्यातही तळालाच राहतं. डंपरचा तुकडा साध्या पाण्यात बुडाला, मिठाच्या पाण्यात वर आला, आणि वाकवताना पांढरा न पडता तुटला होता. म्हणजे पॉलिस्टायरीन. या चाचणीला मर्यादा आहेत. चुन्यासारखी भुकटी मिसळलेलं पीपीसुद्धा बुडतं, आणि मऊ पीव्हीसी खाऱ्या पाण्यात कधी तरंगतं तर कधी बुडतं. प्लास्टिक जाळून वास घेऊन जात ओळखायची पद्धत मात्र घरी अजिबात करू नका. पीव्हीसीचा धूर फुप्फुसांना जाळणारा असतो.

मऊ प्लास्टिकची गोष्ट वेगळी आहे. दाबलं की चूं करणारी बदकं, मऊ बाहुल्या, स्वस्त चावणी ही बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ करतात. या द्रव्यांत थॅलेट नावाचा गट येतो, त्यातल्या काहींचा शरीरातल्या हार्मोन्सवर परिणाम होतो. म्हणून डीईएचपी, डीबीपी, बीबीपी या तिघांना खेळण्यात ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. अडचण अशी की हे द्रव्य प्लास्टिकशी पक्कं बांधलेलं नसतं, ते हळूहळू बाहेर झिरपत राहतं. मे महिन्यात आमच्या माळ्यावरच्या खोलीत एक बदक प्लास्टिकच्या ट्रेमध्ये विसरलं होतं. जूनमध्ये उचललं तेव्हा ट्रेवर बदकाच्या बुडाचा ठसा होता, तिथलं प्लास्टिक मऊ होऊन चिकट झालं होतं. जे ट्रेला लागतं, तेच चावणाऱ्या मुलाच्या लाळेत उतरतं.

दुकानात पिशवी उघडून वास घ्या. नव्या रेनकोटसारखा किंवा आंघोळीच्या पडद्यासारखा तीव्र वास आला, बोटांना तेलकट-चिकट लागलं, तर ते चावायच्या वयासाठी नाही. वास नाही म्हणजे थॅलेट नाही, असं उलटं मात्र धरू नका. त्यांच्यातल्या बऱ्याचशांना वास नसतो. आणि चूं करणाऱ्या खेळण्याच्या बुडाला अंगठ्यानं जोरात दाबा. आतली गोल शिट्टी नुसती खाचेत बसवलेली असते, ती आत ढकलली जाते किंवा बाहेर येते, आणि ती नळीत आरामात मावते. आमच्या वाचनालयात अशी एकही वस्तू मी आता ठेवत नाही.

काळं, गडद करडं किंवा रेघारेघांचं मिश्र रंगाचं प्लास्टिक दिसलं तर दाणा परत वापरलेला असण्याची शक्यता मोठी असते. कारखान्यात आम्ही स्वतः बघितलंय: वेगवेगळ्या रंगांचा भंगार एकत्र आला की तो झाकायला काळा रंग घालतात. त्यात जुन्या टीव्ही-संगणकांची कवचं मिसळली असतील तर आग लागू नये म्हणून घातलेली रसायनंही येतात. म्हणून एकाच स्वच्छ, फिक्या रंगाचं खेळणं मी आधी उचलते.

आता रंग. इथे पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगते: शिसं घरी दिसत नाही, वासाला येत नाही आणि खरवडूनही कळत नाही. खरवडण्यातून कळतं ते एवढंच की रंग सुटतो की नाही. पण तेही उपयोगी आहे, कारण सुटलेला रंगच पोटात जातो.

मी तीन गोष्टी बघते. पांढरा सुती रुमाल ओला करून रंगावर वीस वेळा घासते. रुमालाला रंग लागला तर तो लाळेतही उतरणार. मग कडा आणि भोकं बघते. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर, दोरी ओवायच्या भोकाच्या काठावर रंगाचा थर पातळ असतो आणि कपच्या तिथूनच उडतात. तिसरी सेलोटेप: नखानं घासून नीट चिकटवायची आणि एका झटक्यात उपटायची. कारखान्यात रंगाची पकड तपासायची हीच पद्धत, फक्त आम्ही आधी ब्लेडने चौकटी पाडायचो.

तिन्हींतून पास झालेल्या रंगातही शिसं असू शकतं. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग वर्षानुवर्षं शिशाच्या क्रोमेटपासून होत आले, म्हणून त्यांच्याकडे मी जास्त संशयाने बघते. भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग आहे, नियम २०१६ चा आणि लागू १ नोव्हेंबर २०१७ पासून. पण त्यात कारखान्यांतले औद्योगिक रंग येत नाहीत, आणि उरलेला गाड्यांचा एनॅमल लाकडी खेळण्याला मारला तर ते बघायला कुणी येत नाही. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं आणि त्याची कोणतीच सुरक्षित पातळी ठरलेली नाही. म्हणून मी रंग तपासण्यापेक्षा रंग कमी करण्याकडे जाते. प्लास्टिक घ्यायचं तर रंग दाण्यातच असलेलं, वरून फासलेलं नाही. कळायला सोपं आहे: तळाला किंवा आतल्या बाजूला तोच रंग दिसतो का बघा. लाकूड घ्यायचं तर कोरं, किंवा लाखेचं. खरं लाखकाम करताना खेळणं लेथवर फिरत असतं आणि लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती त्यावर बसते. रंग गोलाकार पट्ट्यांत एकसारखा असतो, ओघळ किंवा ब्रशच्या रेघा नसतात. चौकोनी वस्तूवर कुणी "लाखेचं आहे" म्हणत असेल तर लेथवर चौकोन फिरवून रंगत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आता छापाबद्दल. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय छाप सक्तीचा आहे, आयात केलेल्यांवरही. छापाच्या वर आयएस ९८७३ असतं, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४, आणि छापाखाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक BIS Care ॲपमध्ये घालून कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का बघा. दुकानात उभ्या उभ्या एक मिनिट लागतं. नुसती सीई ही युरोपातली खूण असेल तर आपल्याकडे तिला अर्थ नाही. रंगातलं शिसं आणि प्लास्टिकमधलं थॅलेट या दोन गोष्टी तुम्ही आणि मी हातानं ओळखू शकत नाही, म्हणून तिथे या छापाशिवाय दुसरा आधार नाही. बुधवारच्या बाजारातल्या किंवा यात्रेतल्या सुट्या खेळण्यांवर छाप सहसा नसतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यावर छाप नसला तर ते खोटं ठरत नाही. पण मग रुमाल, टेप आणि नळी या तिन्ही चाचण्या आपण करायच्या.

खोक्यावर लहान मुलाच्या चेहऱ्यावर काट मारून ०-३ लिहिलेलं असेल, किंवा "३+" असेल, तर "आमची हुशार आहे, तिला जमेल" असं म्हणून घेऊ नका. तो आकडा हुशारीचा नसतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की या खेळण्यात नळीत मावणारा भाग आहे.

बॅटरीचं खेळणं असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच, नुसतं सरकवायचं झाकण नको. आत चपटा बटण सेल असेल तर तुमच्या मुलीच्या वयाला ते खेळणंच नको. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, आणि सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं किंवा जेवत नाही, एवढंच दिसतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबून बघायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता तुमचा पांगुळगाडा. तुम्ही लहान असतानाचा म्हणजे किमान पंचवीस वर्षांचा, शिशाच्या नियमाच्या खूप आधीचा. वर्षानुवर्षं त्यावर दोन-तीन थर चढले असतील, आणि वरची आडवी दांडी नेमकी उभ्या राहिलेल्या बाळाच्या तोंडाच्या उंचीला येते. मुलं ती चावतातच. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा एका गाड्याच्या दांडीवर दातांच्या खुणा होत्या आणि खुणांच्या काठाला खालचा जुना नारिंगी थर उघडा पडला होता. त्यावर नवा रंग मारून उपयोग नाही, चावल्यावर नवा आणि जुना दोन्ही एकत्र निघतात. आणि कृपा करून तो घरात पॉलिश पेपरने घासू नका. शिसं असलं तर ते बारीक धुळीत बदलतं, धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाचे हात तिथेच असतात. अखंड रंगापेक्षा ती धूळ जास्त धोकादायक आहे.

आठवण म्हणून तो उंचावर ठेवा, हाताशी नको. मुलीला हवा असेल तर त्याच्यावरून सुताराकडून नवा करून घ्या: कोरं शिसवी किंवा बाभळीचं लाकूड, कडा गोल केलेल्या, रंग नाही, फार तर घरचं खोबरेल चोळलेलं. चाकं ५० मिलिमीटरच्या वर असू द्या आणि आसाला घुंगरू लावू नका. सुताराने जुनाच गाडा रंधा मारून नवा करून देतो म्हटलं तर नको म्हणा. त्याला फक्त माप घेऊ द्या आणि जुना गाडा कापडात गुंडाळून परत आणा. घरी आल्यावर जिथे तो ठेवला होता ती फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसा.